उधारीची मुदत वाढवून मागताना या चुका टाळा

आमचा खोकी बनवायचा छोटा कारखाना आहे. गिरणीकडून क्राफ्ट कागद घ्यायचा, त्याची कोरुगेटेड खोकी करायची आणि फरसाणवाले, औषधवाले, द्राक्षवाले यांना पुरवायची. बहुतेक माल उधारीवरच जातो. त्यामुळे "भाऊ, जरा थांबा, अडचण आहे" हे वाक्य मी सगळ्या सुरांत ऐकलेलं आहे. दोन वेळा कागद गिरणीला ते मीच म्हटलेलं आहे, तेव्हा पलीकडच्या खुर्चीत कसं वाटतं हेही माहीत आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. मुदत मागणारा गिऱ्हाईक बहुतेक वेळा नाही म्हटल्यामुळे अडचणीत येत नाही. त्याला मुदत मिळते आणि मग त्याने स्वतःच लिहून दिलेल्या तारखांमुळे तो अडकतो. म्हणून खाली जे लिहितो आहे त्यात विनंती कशी करावी यापेक्षा तारखा कुठून आणाव्यात यावर जास्त भर आहे.

उदाहरण आमच्याच एका फरसाणवाल्या गिऱ्हाइकाचं घेतो. २०२५च्या दिवाळीआधी त्याने आमच्याकडून तीन खेपांत खोकी उचलली. ६ सप्टेंबरचं बिल क्रमांक ४१२, रुपये १,२६,०००. २३ सप्टेंबरचं बिल ४३१, रुपये १,५८,०००. १० ऑक्टोबरचं बिल ४४७, रुपये १,०२,०००. जीएसटी धरून एकूण ३,८६,०००. मुदत ४५ दिवसांची, म्हणजे पैसे यायला हवे होते २१ ऑक्टोबर, ७ नोव्हेंबर आणि २४ नोव्हेंबरला.

धंदा त्याचा चांगला झाला होता. पण माल गेला मोठ्या गिऱ्हाइकांकडे. एका मॉल साखळीला त्याने भेटीच्या डब्यांचा माल दिला होता, त्यांच्याकडून ५,२०,००० यायचे होते, पण तिथली मुदत ६० दिवसांची. बिल १२ ऑक्टोबरचं, म्हणजे पैसे ११ डिसेंबरला. इकडे तेल, बेसन रोखीने घेतलेलं आणि कामगारांचा बोनस दिवाळीआधीच दिलेला. नफा कागदावर होता, गल्ल्यात नव्हता.

तारीख उलटल्यावर तोंड उघडणं

२१ ऑक्टोबर म्हणजे ऐन लक्ष्मीपूजनाचा दिवस. त्या दिवशी पैसे मागायला मीही फोन करत नाही. पण भाऊबीज होऊन आठवडा गेला तरी त्याच्याकडून काही नाही. मी केलेले दोन फोन त्याने उचलले नाहीत. ७ नोव्हेंबरची दुसरी तारीखही गेली. १० तारखेला मी त्याची पुढची खेप थांबवली, तेव्हा ११ला व्हॉट्सअॅपवर निरोप आला: "थोडी अडचण आहे, ३० नोव्हेंबरपर्यंत सगळं क्लिअर करतो."

त्याला ही अडचण कधी कळली होती? १२ ऑक्टोबरला, मॉलचं बिल फाडलं त्याच दिवशी. ६० दिवसांनी येणाऱ्या पैशातून ९ दिवसांनी देणं भागणार नाही, हे समजायला सीए लागत नाही. त्याने तेव्हाच, म्हणजे १३-१४ ऑक्टोबरला फोन केला असता, तर मी माझ्या गिरणीला वेळेत सांगू शकलो असतो. पुरवठादाराला पैसे उशिरा मिळण्याचा त्रास होतोच, पण त्याहून जास्त त्रास होतो तो उशीर होणार हे उशिरा कळण्याचा. कारण तोवर त्याने तुमच्या पैशाच्या भरवशावर स्वतःचे चेक दिलेले असतात.

फोन न उचलणं ही वेगळी चूक नाही, याच चुकीचं दुसरं टोक आहे. तारीख उलटून गेली असेल तर आणखी एक दिवसही घालवू नका. लाजेमुळे माणूस वाट बघत राहतो की आधी काहीतरी पैसे हातात येऊ देत, मग बोलू. तेवढ्यात पलीकडच्याने मनात तुम्हाला "बुडवणारा" या रकान्यात टाकलेलं असतं.

आकडा न जुळवता विनंती करणं

त्याच्या पहिल्या निरोपात "सगळं क्लिअर करतो" होतं, पण सगळं म्हणजे किती ते नव्हतं. मी विचारलं तेव्हा त्याच्या वहीत ३,६८,००० बाकी निघाली. १८,०००चा फरक. खोदून पाहिल्यावर कळलं की सप्टेंबरच्या एका खेपेत काही खोकी दबलेली आली होती आणि त्याने मनातल्या मनात ती रक्कम वजा केली होती. मला कधी कळवलंच नव्हतं.

मुदत मागायच्या आधी विक्रेत्याकडून खातेउतारा मागवा आणि आपल्या वहीशी बिलागणिक ताळा करा. कारण तुमचं पत्र ही नुसती विनंती नसते, सही केलेली देण्याची कबुली असते. १९६३च्या मुदत कायद्याच्या कलम १८ नुसार, मुदत संपण्याआधी अशी लेखी कबुली दिली की वसुलीच्या दाव्याची तीन वर्षांची मुदत त्या दिवसापासून नव्याने मोजली जाते. यात घाबरण्यासारखं काही नाही, देणं तर खरंच आहे. पण कबूल केलेला आकडा बरोबर हवा, एवढंच.

आणि मालाची तक्रार मुदतीच्या विनंतीत मिसळू नका. खराब खोकी आली असतील तर ते आल्या आल्या लिहून कळवायचं असतं. सूक्ष्म व लघु उद्योगांच्या २००६च्या कायद्यात माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. दोन महिन्यांनी, पैसे मागितल्यावर काढलेली तक्रार खरी असली तरी बहाणाच वाटते. आमच्या प्रकरणात त्याने तक्रार सोडून दिली आणि ३,८६,००० हा आकडा मान्य केला. मी पुढच्या खेपेत काही खोकी जास्त टाकली, तो आमच्या दोघांतला व्यवहार.

लाजेतून काढलेली तारीख

आता मुख्य गोष्ट. ३० नोव्हेंबर ही तारीख त्याने कुठून आणली? मी विचारलं. म्हणाला, "महिनाअखेर आहे ना भाऊ, तोवर होईल काहीतरी." ३० नोव्हेंबर २०२५ रविवार होता, हे त्याने पाहिलंही नव्हतं.

अशा तारखा दोन ठिकाणांहून येतात. एक, समोरच्याला काय ऐकून बरं वाटेल याचा अंदाज. दोन, कॅलेंडरवरचे ठळक दिवस: महिनाअखेर, पाडवा, संक्रांत. दोन्हींचा तुमच्या गल्ल्याशी संबंध नसतो. तारीख यायला हवी ती तुमच्याकडे येणाऱ्या पैशांतून.

मी त्याला कारखान्यात बोलावलं आणि एका कागदावर तीन ओळी लिहायला लावल्या. आज हातात किती. कुणाकडून किती यायचंय, आणि तो माणूस गेल्या तीन वेळी ठरल्या तारखेनंतर किती दिवसांनी देत होता. आणि जे थांबवताच येणार नाही असं देणं किती: पगार, बँकेचा हप्ता, वीजबिल, २० तारखेचा जीएसटी, रोखीचं तेल-बेसन.

चित्र असं निघालं. हातात ५५,०००. स्वतःच्या दुकानातून रोजचा खर्च जाऊन आठवड्याला साधारण २०,००० उरतात. जिल्ह्यातल्या वितरकांकडून १,६०,००० यायचे, त्यांची तारीख १५ नोव्हेंबर, पण ते नेहमी दहा दिवस उशीर करतात आणि कधीच एकरकमी देत नाहीत. म्हणून २५ नोव्हेंबरपर्यंत त्यातले ९०,०००च धरायचे, डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणखी ५०,०००, आणि २०,००० नाहीतच असं समजायचं. मॉलचे ५,२०,००० कागदावर ११ डिसेंबरला, पण ते आठवडाभर उशिरा देतात, म्हणजे १८. ५ डिसेंबरला बँकेचा ३८,०००चा हप्ता.

एवढं लिहिल्यावर हप्ते जवळजवळ आपोआप पडले. ३० नोव्हेंबरला त्याच्याकडे सगळं झाडून-पुसून दोन लाखांच्या आसपास जमलं असतं. ३,८६,०००चा वायदा तो कुठून पुरा करणार होता?

येणाऱ्या पैशाची तारीख आणि हप्त्याची तारीख एकच ठेवू नका, मध्ये किमान तीन-चार दिवसांची फट ठेवा. मॉलचे पैसे उशीर धरून १८ला येणार, तर त्यांच्यावर बेतलेला हप्ता २२ला. एकाच येण्यावर सगळे हप्ते टांगू नका. १२ डिसेंबरचा हप्ता आम्ही मुद्दाम मॉलवर न ठेवता दुकानाच्या विक्रीवर आणि वितरकांवर ठेवला. आणि हातातले सगळे पैसे पहिल्याच हप्त्यात देऊ नका. तो ५५,०००मधून ५०,००० द्यायला निघाला होता. मी ४०,०००वर थांबवलं. पंधरा हजार गल्ल्यात नसतील तर दुसऱ्या दिवशी तेल आणायला तो कुणाकडून तरी हातउसने घेईल आणि माझा दुसरा हप्ता त्या माणसाकडे जाईल.

विक्रेता म्हणून सांगतो, पहिला हप्ता लहान असला तरी चालतो. तो पाच दिवसांच्या आत आणि न चुकता आला पाहिजे. त्यावरून पुढच्या तारखा खऱ्या की खोट्या ते कळतं.

पत्रात कहाणी लिहिणं

वडिलांचं आजारपण, बाजाराची मंदी, सरकारी धोरण, यंदाचा पाऊस, असं सगळं एका पत्रात वाचलेलं आहे. कारण खरं असेल, पण वाचणाऱ्याला त्यातून एकच गोष्ट शोधायची असते: पैसे कुठे अडकलेत आणि कधी सुटतील. कारण एका वाक्यात, आणि तपासता येईल असं असावं. १३ नोव्हेंबरला त्याने दिलेलं पत्र साधारण असं होतं:

> विषय: बिल क्र. ४१२, ४३१ व ४४७ यांच्या रकमेसाठी मुदतवाढ व हप्त्यांची विनंती
>
> स. न. वि. वि.
>
> आपल्या वरील तीन बिलांपोटी आजअखेर आमच्याकडून एकूण रु. ३,८६,००० देणे आहे. ही बाकी आपल्या ११ नोव्हेंबर २०२५च्या खातेउताऱ्याशी जुळते. बिल क्र. ४१२ ची मुदत २१ ऑक्टोबरला व ४३१ ची ७ नोव्हेंबरला संपली असून आम्ही आपणांस वेळेत कळवले नाही, याबद्दल दिलगीर आहोत.
>
> आमच्या एका गिऱ्हाइकाकडून रु. ५,२०,००० येणे आहे व त्याची मुदत ११ डिसेंबर आहे. त्या बिलाची प्रत सोबत जोडली आहे. त्यामुळे पुढीलप्रमाणे रक्कम देण्याची परवानगी मिळावी:
>
> १७ नोव्हेंबर २०२५: रु. ४०,००० (बिल ४१२ पैकी)
> २८ नोव्हेंबर २०२५: रु. ८६,००० (बिल ४१२ पूर्ण)
> १२ डिसेंबर २०२५: रु. ५८,००० (बिल ४३१ पैकी)
> २२ डिसेंबर २०२५: रु. १,००,००० (बिल ४३१ पूर्ण)
> ५ जानेवारी २०२६: रु. १,०२,००० (बिल ४४७ पूर्ण)
>
> २२ डिसेंबरचा हप्ता वरील येण्यावर अवलंबून आहे. त्यात बदल होणार असल्यास किमान दोन दिवस आधी लेखी कळवू. मूळ मुदतीनंतरच्या दिवसांसाठी द. सा. द. शे. १२ साधे व्याज शेवटच्या हप्त्यानंतर आपल्या डेबिट नोटनुसार देऊ. हे हप्ते पूर्ण होईपर्यंत नवीन माल रोखीने घेऊ.
>
> हे मान्य असल्यास कृपया सही करून प्रत परत द्यावी.

या पत्रात मला सगळ्यात आवडलं ते २२ डिसेंबरबद्दलचं वाक्य. पाचही तारखा सारख्याच पक्क्या आहेत असं भासवण्यापेक्षा कुठली तारीख नाजूक आहे ते त्याने आधीच सांगितलं. बहुतेक लोकांना वाटतं की असं लिहिलं तर समोरचा मान्य करणार नाही. उलट होतं. सगळंच ठाम असलेल्या कागदावर मी तरी विश्वास ठेवत नाही.

शेवटची ओळही सोडू नका. विक्रेत्याने मान्यतेची सही केली नाही, नुसतं "बघू" म्हटलं किंवा निळ्या खुणा दिसल्या, तर ती मुदतवाढ नाही. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ६३ नुसार घेणेकरी आपल्या मर्जीने मुदत वाढवू शकतो, पण ती त्याने वाढवली हे दाखवायला तुमच्याकडे काहीतरी हवं. सही नसेल तर "आपल्या पत्रातील हप्ते मान्य" एवढा ईमेल तरी मागा.

विक्रेता हो म्हणाला, म्हणजे कायदाही थांबला असं समजणं

ही चूक शिकलेले लोकही करतात. उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक किंवा सेवा देणारा असेल, तर २००६च्या कायद्याच्या कलम १५ नुसार लेखी करार असला तरी मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. करारच नसेल तर १५ दिवस. त्यापुढे दर महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागतं, रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट. जून २०२५मध्ये बँक दर ५.७५ टक्के झाला, त्याच्या तिप्पट १७.२५. आमच्यातला करार याहून वेगळा असला तरी कायदा वरचढ ठरतो. विक्रेता सूक्ष्म व लघु उद्योग सुविधा परिषदेकडे गेला, तर तुमच्याकडचं सहीचं पत्र हे व्याज पुसून टाकत नाही.

वरच्या हप्त्यांवर त्या दराने हिशेब केला तर सात हजारांच्या आसपास व्याज होतं. त्याने देऊ केलेल्या १२ टक्क्यांनी पाच हजार होतं. वरचे दोन हजार मी मागितले नाहीत, पण मागू शकलो असतो. म्हणून व्याजाबद्दल पत्रात स्वतःहून काहीतरी लिहा. गप्प राहिलात तर पुढे संबंध बिघडल्यावर कायद्याचा दर उभा राहतो. उशिराच्या व्याजावर मालाच्याच दराने जीएसटीही लागतो, आणि कायद्याखाली द्यावं लागलेलं हे व्याज प्राप्तिकरात खर्च म्हणून धरलं जात नाही.

व्यापारी मात्र यात येत नाहीत. किराणा किंवा कापडाचा ठोक विक्रेता उद्यमवर नोंदलेला असला, तरी ती नोंद प्राधान्य कर्जापुरती असते. तेव्हा आधी विक्रेत्याच्या बिलावर उद्यम क्रमांक आहे का आणि तो उत्पादक आहे की व्यापारी, ते बघा.

हप्ते आखताना दोन तारखा भिंतीसारख्या समजायच्या. पहिली ३१ मार्च. प्राप्तिकर कायद्यातल्या नियमामुळे, सूक्ष्म किंवा लघु उद्योगाची रक्कम मुदत उलटून वर्षअखेरही थकलेली राहिली, तर ती खरेदी त्या वर्षी खर्चात धरता येत नाही, ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी धरावी लागते. म्हणजे न कमावलेल्या नफ्यावर कर. आमच्या फरसाणवाल्याचे हप्ते ५ जानेवारीला संपत होते म्हणून तो सुटला. दुसरी तारीख बिलापासून १८० दिवसांची. तोवर पैसे दिले नाहीत तर घेतलेलं जीएसटी क्रेडिट व्याजासकट परत करावं लागतं. पैसे दिल्यावर ते पुन्हा मिळतं, पण ऐन टंचाईत तेवढी रोकड जाते. ६ सप्टेंबरच्या बिलासाठी ही तारीख ५ मार्च २०२६ होती. हे मोजमाप प्रत्येक बिलाचं वेगळं असतं, म्हणूनच हप्त्यापुढे बिल क्रमांक लिहायचा.

सगळ्या हप्त्यांचे चेक देऊन टाकणं

विक्रेता सहसा पुढच्या तारखांचे चेक मागतो आणि अडचणीतला माणूस मुकाट्याने पाचही फाडून देतो. तिथे हप्त्यांचा करार फौजदारीत शिरतो. चेक वटला नाही, बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस आली आणि ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे दिले नाहीत, तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली खटला होऊ शकतो. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पेमेंट थांबवायला सांगून यातून सुटका होत नाही. खात्यातून आपोआप वळती होणारी रक्कम परत गेली तरी तशाच तरतुदी आहेत.

चेक फक्त त्या हप्त्याचा द्या, ज्याचे पैसे तुमच्याच हातात आहेत. आमच्या माणसाने १७ नोव्हेंबरचे पैसे एनईएफटीने दिले, २८ नोव्हेंबर आणि १२ डिसेंबरचे चेक दिले, आणि २२ डिसेंबरचा चेक द्यायला नकार दिला. म्हणाला, "तो मॉलच्या हातात आहे भाऊ, माझ्या नाही." मला क्षणभर राग आला, पण त्याचं बरोबर होतं.

कोरा चेक तर कधीच नाही. आणि चेक दिलेल्या रकमेतलं काही वेगळं भरलं, तर जुना चेक परत घेऊन उरलेल्या रकमेचा नवा द्या. भरलेली रक्कम चेकवर न नोंदवता पूर्ण आकड्याचा चेक बँकेत टाकला तर १३८ लागू होत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये म्हटलेलं आहे, पण कोर्टाच्या पायऱ्या चढून ते सिद्ध करण्यापेक्षा चेक बदलून घेणं सोपं.

पैसे पाठवले, पण कशाचे ते सांगितलं नाही

मुदतवाढीच्या काळात नवीन माल चालू राहिला तर जुनी आणि नवी रक्कम एकात मिसळते. करार कायद्याच्या कलम ५९ ते ६१ मध्ये याचा साधा नियम आहे: पैसे देताना देणेकऱ्याने कुठल्या देण्यापोटी ते सांगितलं तर तसं धरायचं, त्याने सांगितलं नाही तर घेणेकऱ्याने ठरवायचं, आणि दोघंही गप्प असले तर जुन्यापासून वजा करत यायचं. तुम्ही हप्ता म्हणून पाठवलेले ८६,००० विक्रेत्याने नव्या बिलात टाकले, तर तुमच्या लेखी हप्ता भरला आणि त्याच्या लेखी चुकला. एनईएफटीच्या शेऱ्यात बिल क्रमांक टाका आणि त्याच दिवशी संदर्भ क्रमांकासह निरोप पाठवा. हा वाद मी इतक्या वेळा पाहिलाय की आता पत्र वाचताना पहिल्यांदा कंसातले बिल क्रमांकच शोधतो.

हप्ता चुकणार असं दिसू लागलं तर

चुकण्याची चाहूल आधी लागते. ज्या येण्यावर हप्ता बेतलाय, त्याच्याकडून मुदतीनंतर तीन दिवसांत पैशाची खबर आली नाही, की समजायचं. आमच्याकडे १९ डिसेंबरला, शुक्रवारी, त्याचा फोन आला. मॉलने काही डबे फुटले म्हणून ३१,००० कापायचं ठरवलं होतं आणि त्या वादात संपूर्ण पेमेंट अडकलं होतं. त्याने लगेच लिहून पाठवलं: २२ला एक लाखाऐवजी ३०,०००, उरलेले ७०,००० सोमवारी २९ डिसेंबरला, ५ जानेवारीच्या हप्त्यात बदल नाही.

इथे लोक दोन चुका करतात. एक तर काहीच पाठवत नाहीत, कारण पूर्ण रक्कम नाही. अर्धामुर्धा का होईना, ठरल्या तारखेला पैसा पोचला तर वायदा वाकतो, मोडत नाही. दुसरी चूक, घाबरून सगळं वेळापत्रक पुन्हा लिहितात आणि शेवटची तारीख महिनाभर पुढे ढकलतात. जो हप्ता हलला तेवढाच हलवा. दुसऱ्यांदा सगळं बदललेलं पत्र आलं की विक्रेता ते वाचत नाही, वकिलाला पाठवतो.

वकिलाची नोटीस आधीच आली असेल, तर हप्त्यांचं पत्र परस्पर विक्रेत्याला पाठवून गप्प बसू नका. नोटिशीला तिच्या मुदतीत उत्तर द्या, त्यात मान्य आकडा आणि हप्ते लिहा, आणि पहिला हप्ता उत्तरासोबतच भरा. चेकची नोटीस असेल तर मात्र हप्त्यांचं बोलणं नंतर. तिथे पंधरा दिवसांत त्या चेकची पूर्ण रक्कम, एवढंच बघायचं.

मॉलने ३१,००० कापून उरलेले पैसे २३ डिसेंबरला सोडले. २९चे ७०,००० आले आणि ५ जानेवारीचेही आले. मग मी व्याजाची डेबिट नोट काढली, त्याने ती भरली आणि शून्य बाकीचा सही-शिक्क्याचा उतारा मागून नेला. आता त्याला पुन्हा उधारी देतो, पण मुदत ३० दिवसांची. आणि दिवाळीच्या डब्यांची ऑर्डर घेताना तो मॉलकडून तिसरा हिस्सा आगाऊ मागणार आहे म्हणे. देतात का ते बघायचं.